बाटलीवरचा आकडा

आमच्या बेळगाव-निपाणीकडच्या घरांतून औषधांचा डबा उघडला की त्यात एका कोपऱ्यात होमिओपॅथीच्या बाटल्या हमखास सापडतात. साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या, गोड चव, मुलं रडत नाहीत, म्हातारी माणसंही कुरकुर न करता घेतात. बाटलीच्या कागदावर लॅटिन भाषेतलं एक लांबलचक नाव असतं, त्यापुढे एक आकडा आणि आकड्यापुढे, असलंच तर, एखादं इंग्रजी अक्षर. नाव आपण कसंबसं वाचतो. आकडा पाठ होतो, कारण दुकानात तोच सांगावा लागतो: तीस द्या, दोनशे द्या. अक्षराकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. खरी गोष्ट त्या अक्षरातच आहे, म्हणून आज त्याबद्दल लिहिते आहे.

आपल्याला सवय असते ती तापाच्या गोळीची. पाचशेची गोळी अडीचशेच्या दुप्पट, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तोच हिशेब आपण या बाटल्यांनाही लावतो. दोनशे म्हणजे जहाल, तीस म्हणजे बेताचं, सहा म्हणजे अगदी लहान मुलाचं आणि एक म्हणजे तर काहीच नाही. पण इथला आकडा वजनाचा नाही. औषध किती वेळा पातळ केलं, त्या पायऱ्यांची ती मोजणी आहे. प्रत्येक पायरीला किती पट पातळ केलं, ते अक्षर सांगतं. म्हणजे आकडा जितका लहान तितका मूळ पदार्थ जास्त, आणि आकडा मोठा तितका तो कमी. आपल्या सवयीच्या अगदी उलट.

हा उलटा हिशेब आला कुठून, ते समजायला थोडं मागं जावं लागेल.

सॅम्युएल हानेमान हा जर्मन वैद्य १७५५ साली माइसेन गावी जन्मला. त्या काळातलं वैद्यक भयंकर होतं. रक्त काढायचं, पाऱ्याचे क्षार मुठीनं द्यायचे, वांत्या आणि जुलाब करवायचे. रोगापेक्षा उपचारानंच माणूस खंगायचा. हानेमानला हे पटेना. तो भाषांतरं करून पोट भरू लागला. १७९० मध्ये एका स्कॉटिश वैद्याच्या ग्रंथाचं भाषांतर करताना त्यानं सिंकोनाची साल, म्हणजे हिवतापावरचं औषध, स्वतः खाऊन पाहिली. आपल्याला हिवतापासारखीच लक्षणं झाली असं त्यानं नोंदवलं. त्यावरून त्यानं नियम बांधला: निरोगी माणसात जे लक्षण उमटतं, त्याच लक्षणाच्या रोग्याला तो पदार्थ द्यायचा. १७९६ मध्ये त्यानं हा विचार छापला आणि १८१० मध्ये ‘ऑर्गनन’ हा ग्रंथ काढला.

पण यात एक अडचण होती. त्याच्या औषधांत सोमल होता, पारा होता, बेलाडोना होता. हे पदार्थ नेहमीच्या मात्रेनं दिले की रोगी आधी बिघडायचा. म्हणून तो मात्रा कमी करत गेला. कमी करण्याचीही त्यानं एक ठरावीक रीत बसवली. औषधाचा एक थेंब घ्यायचा, त्यात नव्व्याण्णव थेंब मद्यार्क घालायचा आणि बाटली जोरानं हलवायची. कातडी बांधणीच्या पुस्तकावर बाटली आपटून झटके द्यावेत, असंही त्यानं सुचवलं आहे. ही झाली पहिली पायरी. त्यातला एक थेंब दुसऱ्या बाटलीत घ्यायचा, पुन्हा नव्व्याण्णव थेंब, पुन्हा झटके. ही दुसरी. लॅटिनमध्ये शंभराला ‘सेंटम’ म्हणतात, त्यावरून या शंभरपटीच्या मापाला ‘सी’ हे अक्षर लागलं. ३० सी म्हणजे शंभर पटीनं पातळ करण्याची क्रिया लागोपाठ तीस वेळा केलेली.

जे पदार्थ मद्यार्कात विरघळत नाहीत, त्यांच्यासाठी खल होता. आपल्यापैकी ज्यांनी सुंठ, वेखंड, हळकुंड उगाळलं आहे, त्यांना ही रीत आवडेल. एक भाग औषध आणि शंभर भाग दुधाची साखर घ्यायची. साखरेचे तीन वाटे करायचे. पहिल्या वाट्यात औषध घालून सहा-सात मिनिटं घोटायचं, मग तीन-चार मिनिटं खलाच्या कडा खरडायच्या, पुन्हा घोटायचं, पुन्हा खरडायचं. मग दुसरा वाटा, मग तिसरा. एका पायरीला बरोबर एक तास. अशा तीन पायऱ्या खलात झाल्या की पुढचं काम पाण्या-मद्यार्कात. इतक्या बारकाईनं मिनिटं लिहून ठेवणारा माणूस होता तो.

पुढे माणसं आणि देश बदलले तशी अक्षरंही वाढली. हानेमानचा शिष्य कॉन्स्टंटाइन हेरिंग अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेला. १८३० च्या दशकात त्यानं शंभराऐवजी दहाचं माप पुढे आणलं: एक भाग औषध, नऊ भाग साखर किंवा मद्यार्क. रोमन लिपीत दहाचा आकडा ‘एक्स’, म्हणून हे एक्सचं माप. जर्मनीत त्यालाच ‘डी’ म्हणतात, दशमानाचा डी. आपल्याकडे बायोकेमिकच्या ज्या बारा क्षारांच्या गोळ्या मिळतात, त्यांच्यावर हटकून ६ एक्स किंवा १२ एक्स असतं. ती याच मापातली.

रशियात कोर्साकोव्ह नावाच्या गृहस्थानं आणखी सोपी वाट काढली. दर पायरीला नवी बाटली कशाला? एकच बाटली उपडी करायची, आतलं ओतून द्यायचं, बाटलीच्या भिंतीला जेवढं चिकटून राहील तो एक थेंब मानायचा आणि पुन्हा भरायची. ताकाचं भांडं विसळल्यावर कडेला जे राहतं, त्यावर पुढचा सारा हिशेब. अशा औषधावर ‘के’ अक्षर येतं. हानेमानच्या रीतीनं दर वेळी नवी बाटली घेतली असेल तर ‘सी’पुढे ‘एच’ येतो. हानेमाननं स्वतः आयुष्याच्या अखेरीस, पॅरिसमध्ये, एकास पन्नास हजार असं आणखी एक माप लिहून ठेवलं. १८४३ मध्ये तो वारला आणि ते लिखाण १९२१ पर्यंत छापलंच गेलं नाही. त्या मापाच्या बाटलीवर शून्य, तिरकी रेघ आणि मग एक, दोन, तीन असं लिहिलेलं दिसतं.

‘एम’ अक्षर अनेकींना फसवतं. ते वेगळं माप नाही. रोमन आकड्यांत एम म्हणजे हजार. १ एम म्हणजे शंभरपटीच्या एक हजार पायऱ्या. म्हणजे ‘दोनशे’नंतर येणारा ‘एक’ हा दोनशेपेक्षा लहान नाही, पाचपट पायऱ्यांचा आहे.

आता मुख्य प्रश्न. इतकं पातळ केल्यावर उरतं किती?

हानेमानच्या काळी याचं उत्तर कुणालाच देता येत नव्हतं. पदार्थाचे तुकडे करत गेलं तरी त्याचा काहीतरी अंश उरणारच, असा युक्तिवाद त्यानं केला आहे, आणि त्या काळात तो वेडगळ नव्हता. पदार्थाचा सर्वांत लहान कण केवढा असतो, हे कुणी मोजलेलंच नव्हतं. योगायोग असा, की ‘ऑर्गनन’ निघाल्यानंतर एकाच वर्षानं, १८११ मध्ये, इटलीत अवोगाद्रो यानं सारख्या आकारमानाच्या वायूंत सारखेच कण असतात असं मांडलं. पण ते कण किती, हे त्यालाही सांगता आलं नाही. त्यांच्या आकाराचा पहिला अंदाज व्हिएन्नाच्या लोश्मिट या शाळामास्तरानं १८६५ मध्ये काढला. तोवर हानेमान जाऊन बावीस वर्षं झाली होती. बाटल्यांवरचे आकडे आधी ठरले आणि कणांची मोजणी नंतर झाली, हा क्रम लक्षात ठेवला की पुष्कळ गोष्टी उलगडतात.

आपण तो हिशेब स्वयंपाकघरातल्या मिठावर करून पाहू. हानेमानच्या औषधांत मीठही आहे. नॅट्रम म्युरिॲटिकम या भारदस्त नावाखाली जे मिळतं ते आपलं रोजचं मीठच. ते बायोकेमिकमध्ये ६ एक्स मिळतं, आणि दुसऱ्या बाटलीत ३० नि २०० ही मिळतं.

आधी ६ एक्स घेऊ. दहाच्या सहा पायऱ्या म्हणजे दहा लाखांत एक भाग. गोळी शंभर मिलिग्रॅमची धरली तर तिच्यात मीठ आलं मिलिग्रॅमचा दहा हजारावा भाग. वरणात आपण जी चिमूट टाकतो ती साधारण तीनशे मिलिग्रॅमची असते. तेवढं मीठ या गोळ्यांतून पोटात जायचं तर तीस लाख गोळ्या खाव्या लागतील. शिवाय ज्या दुधाच्या साखरेत हे घोटलं, तिच्यात दहा लाखांत एक भाग मीठ आधीपासून असणं मुळीच नवल नाही. तरी इथे एवढं नक्की म्हणता येतं, की गोळीत मीठ आहे. थोडं का असेना, आहे.

आता ३० सी. एक ग्रॅम मिठात सोडियम-क्लोरीनच्या जोड्या किती असतात, ते आज नेमकं ठाऊक आहे: एकावर बावीस शून्यं. ही संख्या वाचायला जाऊ नका, फक्त शून्यं मोजा. सीची प्रत्येक पायरी शंभरानं भागते, म्हणजे दोन शून्यं पुसते. बावीस शून्यं पुसायला पायऱ्या लागतात अकरा. म्हणजे ११ सीला एका ग्रॅम औषधात मिठाची सरासरी एक जोडी उरते. १२ सीला शंभर ग्रॅममध्ये एक. एक्सच्या मापात दर पायरीला एकच शून्य जातं, म्हणून तीच हद्द २२ एक्सला येते. वेगळ्या पदार्थांसाठी ही हद्द एखाद्या पायरीनं मागंपुढं होते, पण बाराच्या आसपासच राहते. कणाचा अर्धा कण करता येत नाही. त्यापुढच्या प्रत्येक पायरीला आपण ज्यात काही नाही तेच पातळ करत असतो.

३० सी ही हद्द ओलांडून अठरा-एकोणीस पायऱ्या पुढे आहे. तिथे मिठाची एक जोडी मिळवायची तर किती औषध घ्यावं लागेल? आपल्या पृथ्वीएवढ्या वजनाच्या सुमारे सोळाशे कोटी पृथ्व्या. दोनशेचा हिशेब तर करायलाच नको.

आमच्या इथल्या एका अक्कांना मी हे शून्यांचं गणित कागदावर करून दाखवलं. त्या शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी कागद नीट बघितला आणि म्हणाल्या, “म्हणजे गोळीत साखरच की गं.” मी म्हटलं, “होय की, साखरच. ऊसाची गोळी, तिच्यावर मद्यार्काचे थेंब, ते उडून जातात.” त्या म्हणाल्या, “मग तीस आणि दोनशेत फरक काय?” पदार्थाच्या दृष्टीनं फरक कागदावरच्या छपाईचा. दोन्ही बाटल्यांची चिठ्ठी काढून टाकली तर ही कोणती आणि ती कोणती, हे रसायनशाळेत ओळखता येत नाही.

होमिओपॅथीचे वैद्य याला उत्तर देतात. पदार्थ उरत नाही हे त्यांच्यापैकी पुष्कळांना मान्य असतं. ते म्हणतात, झटके देण्यानं औषधाची शक्ती द्रवात उतरते, म्हणून तर आम्ही आकडा वाढला की ‘पोटेन्सी’ वाढली म्हणतो. हानेमानचंही म्हणणं शेवटी तिकडेच झुकलं होतं. या म्हणण्याची कसोटी एकच: रोग्यांना गुण येतो का, आणि तो साध्या साखरेच्या गोळीपेक्षा जास्त येतो का. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन मंडळानं तोवर झालेले प्रयोग तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष दिला, की होमिओपॅथी गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा कोणत्याही आजाराबाबत मिळत नाही. ज्या दुखण्याला आपोआप उतार पडतो तिथे गोळीनं बरं वाटल्यासारखं होतं. ज्याला पडत नाही, तिथे वेळ जातो.

आपल्या देशात या बाटल्या आल्या त्याही दूरदूरच्या वाटांनी. १८३९ मध्ये होनिगबर्गर नावाच्या युरोपीय वैद्यानं लाहोरला महाराजा रणजितसिंहांवर उपचार केले. कलकत्त्यात डॉक्टर महेंद्रलाल सरकार हे आधी होमिओपॅथीचे कडवे विरोधक होते. १८६७ मध्ये त्यांनी भर सभेत आपलं मत बदलल्याचं सांगितलं. याच सरकारांनी १८७६ मध्ये विज्ञानाच्या अभ्यासासाठी जी संस्था काढली, तिच्यात पुढे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी नोबेल मिळवून देणारं काम केलं. आपल्या बाजूला मंगळूरच्या कंकनाडीत फादर म्युलर या जेझुइट पाद्र्यांनी १८८० मध्ये गरिबांसाठी होमिओपॅथीचा दवाखाना सुरू केला. जिथे डॉक्टर नव्हता, तिथे स्वस्त आणि टिकाऊ गोळ्यांची पेटी पोचायची. तिच्यावर लोकांचा विश्वास बसला यात नवल नाही. पण पेटीबरोबर आकडे आले, त्यांचा अर्थ आला नाही.

अर्थ न कळण्यानं काय होतं, ते २०२० मध्ये दिसलं. त्या जानेवारीत आयुष मंत्रालयानं करोनाला प्रतिबंध म्हणून आर्सेनिकम अल्बम ३० सुचवलं आणि पुढच्या काही महिन्यांत गल्लोगल्ली त्याच्या बाटल्या वाटल्या गेल्या. आमच्या मंदिराजवळच्या एका आज्जींनी बाटली हातात धरून मला विचारलं, “आर्सेनिक म्हंजे सोमल न्हवं काय गं? पोरांना कसं द्यायचं?” प्रश्न अगदी बरोबर होता. नाव सोमलाचंच. मी सांगितलं, की या बाटलीवर तीस आहे, म्हणून हिच्यात सोमल नाही. विषबाधा व्हायची नाही. पण जिच्यात सोमल नाही ती बाटली करोना अडवील, असं समजून मास्क काढू नका.

त्या आज्जींना जे भय वाटलं ते तीसच्या बाटलीबाबत अनाठायी होतं, पण दुसऱ्या एका बाटलीबाबत अगदी योग्य ठरलं असतं. सोमलाचीच औषधं एक्सच्या खालच्या पायऱ्यांतही बनतात. ३ एक्स घ्या. दहाच्या तीन पायऱ्या, म्हणजे हजारात एक भाग. शंभर मिलिग्रॅमच्या एका गोळीत मिलिग्रॅमचा दहावा भाग सोमल. ऐकायला कमी वाटतं. पण पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक किती चालतं याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरला दहा मायक्रोग्रॅम. त्या हिशेबानं या एका गोळीत सात-साडेसात लिटर पाण्याएवढं आर्सेनिक येतं. चार-चार गोळ्या दिवसातून तीनदा घेतल्या तर रोज नव्वद लिटर पाण्याचं.

१ एक्स तर दहात एक भाग. त्याला पातळ म्हणणंच चूक आहे. पश्चिम बंगालमध्ये तीन रुग्णांना होमिओपॅथीच्या सोमलयुक्त औषधांनी विषबाधा झाल्याची नोंद डॉक्टरांनी २००३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापली. त्यांतली औषधं १ एक्सची होती. विचार करा, ‘एक’ हा आकडा वाचून घरातल्या कुणाला भीती वाटली असेल? आपल्या सवयीनं तो सर्वांत सौम्य. दोनशेच्या बाटलीला आपण बिचकतो आणि एकची बिनदिक्कत उघडतो. विष असलंच तर ते एकच्या बाटलीत असतं.

आपल्या घरांतून आणखी दोन प्रश्न नेहमी येतात, आणि त्यांचाही संबंध याच आकड्याशी आहे.

पहिला मद्याचा. गोळ्यांवर टाकलेला मद्यार्क उडून जातो, पण थेंबांच्या बाटलीत तो असतोच, बहुधा भरपूर. मूळ अर्काच्या बाटलीवर ‘क्यू’ अक्षर असतं. त्याला मदर टिंक्चर म्हणतात, ते पातळ केलेलंच नसतं. त्यात वनस्पतीचा खरा अर्क असतो आणि मद्यार्कही. औषधात मद्यार्क असेल तर त्याचं शेकडा प्रमाण चिठ्ठीवर छापलंच पाहिजे, असा आपल्याकडचा कायदा आहे. ज्यांना तो वर्ज्य आहे त्यांनी कुणाला विचारत बसायला नको, चिठ्ठी वाचावी.

दुसरा प्रश्न जिवाचा. एपिस हे औषध मधमाशीपासून करतात, सेपिया समुद्रातल्या माखळीच्या शाईपासून आणि लॅकेसिस सापाच्या विषापासून. तीसच्या बाटलीत यांतलं काही उरत नाही, मग घ्यायला हरकत काय, असं मला एका ताईंनी विचारलं. गणितानं हरकत नाही. पण शून्यं पुसली म्हणून आरंभी मारलेली माशी जिवंत होत नाही. हिंसेचा हिशेब पोटात किती गेलं यावर नसतो, हातून काय घडवलं यावर असतो. त्यामुळे हा प्रश्न आकड्यानं सुटणारा नाही. तो ज्याचा त्यानं नावाकडे पाहून सोडवायचा आहे.

तर बाटली हातात आली की काय वाचायचं? कायद्यानं चिठ्ठीवर औषधाचं नाव आणि त्याची पोटेन्सी, दहाच्या, शंभराच्या किंवा पन्नास हजारांच्या मापात, देणं बंधनकारक आहे. आकडा आहे पण अक्षर नाही, असं असेल तर आपल्याकडे बहुधा तो सीचा समजतात. पण समजण्यावर राहू नये, दुकानदाराला विचारून पेनानं लिहून घ्यावं. मग शून्यं मोजावीत: सी असेल तर आकड्याची दुप्पट, एक्स असेल तर आकड्याइतकीच. ही शून्यं बाविसाच्या पुढे गेली तर आत साखर किंवा मद्यार्क आहे, दुसरं काही नाही. बाविसाच्या आत, विशेषतः सहाच्या आत असली, तर पदार्थ आहे. मग तो पदार्थ कोणता, हे नावावरून शोधल्याशिवाय गोळी तोंडात घालू नये. क्यू असेल तर ते पूर्ण ताकदीचं औषध समजून, चालू असलेल्या इतर औषधांबरोबर चालेल का, हे डॉक्टरांना विचारावं.

या वाचण्यानं एक गोष्ट मात्र कळत नाही. चिठ्ठीवर लिहिलेल्या पायऱ्या खरोखर तितक्याच झाल्या का? अमेरिकेत दात येणाऱ्या बाळांसाठी बेलाडोनाच्या होमिओपॅथिक गोळ्या मिळायच्या. तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं २०१७ च्या जानेवारीत सांगितलं, की तपासणीत त्यांतलं बेलाडोनाचं प्रमाण गोळीगणिक वेगवेगळं आढळलं आणि काहींत ते चिठ्ठीवरच्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. आकडा खरा असता तर बाळाला धोका नव्हता. कुठल्यातरी पायरीला घोटणं आणि मिसळणं नीट झालं नाही, की काही गोळ्या रिकाम्या राहतात आणि काहींत विष साठतं. म्हणून विषारी पदार्थाचं औषध एक्सच्या खालच्या पायरीचं असेल, तर बाळाला, गरोदर सुनेला किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या सासऱ्यांना ते देऊच नये.

आणि साखरेची गोळी असेल तर तिच्याकडून साखरेच्या गोळीइतकीच अपेक्षा ठेवावी. सर्दीला घ्या, लहानग्याला पडल्यावर समजूत म्हणून द्या. मधुमेहाचं इन्सुलिन, थायरॉइडची गोळी, फिट्सचं औषध बंद करून तिच्यावर राहू नका. तीन दिवस न उतरणारा ताप, छातीतली कळ, स्तनातली गाठ यांना तीसही नको आणि दोनशेही नको. तिथे त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.